नऊ फोटो आणि आबांचा मान

आमच्या लॉन्सच्या पेजवर सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो लग्नाचा नव्हता, आबांच्या वाढदिवसाचा होता. आबा म्हणजे माझ्या पप्पांचे थोरले भाऊ. फोटोत ते पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून, ढगांमध्ये उभे होते. खाली शुभेच्छुकांची डोकी ओळीने चिकटवलेली, आणि त्या सगळ्यांच्या मागे, नीट पाहिलं तर, आमचं गेट.

जळगावहून धुळ्याकडे जाताना हायवेला लागून आमची जमीन आहे. तिथे पूर्वी कापूस व्हायचा, आता लग्नं होतात. मोठी हिरवळ, एक हॉल, हॉलच्या लांब भिंतीला लागून स्टेज, मागे स्वयंपाकाची शेड, एवढा कारभार. बुकिंग आबा बघतात. लाइट, पाणी आणि जनरेटर पप्पा बघतात. आचारी बाहेरचे असतात, पण भरीत कसं करायचं हे त्यांना मोठी आई सांगते. मोठी आई म्हणजे आबांची बायको. तिच्या सांगण्याप्रमाणे केलं नाही म्हणून एक आचारी भर लग्नातून निघून गेल्याची गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगतात.

मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले. पोरीला इंग्लिश मीडियममध्ये घातलं की ती चारचौघांत धाडधाड बोलते, असा आमच्या घरात समज होता. मी दोन भाषांत गप्प बसायला शिकले. पुण्यात डिझाइनचा कोर्स करून परत आले तेव्हा आबांनी माझ्यासाठी जागा ठरवून ठेवली होती: समोरचं ऑफिस, काचेचं टेबल, फिरती खुर्ची. लग्नाची पार्टी आली की उठायचं, हसायचं, पाणी द्यायचं आणि इंग्लिशमध्ये दोन वाक्यं टाकायची.

मी त्यांना सांगितलं, की मला मागच्या खोलीत बसून पेज सांभाळू द्या. मागची खोली म्हणजे जिथे जादा खुर्च्या ठेवतात ती. मला ती आवडायची. खुर्च्या काही विचारत नाहीत.

"पेज काय सांभाळायचं?" आबा म्हणाले. "फोटू टाकला, झालं. त्याले काय चारापाणी लागतं?"

त्याच आठवड्यात धुळ्यातल्या देवपूरचे एक प्राध्यापक मुलीच्या लग्नासाठी जागा बघायला आले. त्यांनी पार्किंग बघितलं, पाण्याची टाकी बघितली, संडास बघितले, भरीत खाल्लं, मान डोलावली. आबांनी बुकिंगची पावती काढायला घेतली तेवढ्यात ते म्हणाले, "आमच्याकडून पसंत आहे. पण मुलगी पुण्यात असते. ती पेज बघून सांगेल. तिचं म्हणणं, नवरा आणि लॉन्स दोन्ही पेजवरूनच कळतात."

"मग नवरा पसंत पडला ना?" आबांनी विचारलं.

"तिसरा पडला," प्राध्यापक म्हणाले.

मुलगी रविवारी निवांत बसून पेज बघणार होती. ते गेल्यावर आबांनी मला बोलावलं. महत्त्वाचं काही असलं की ते अहिराणीवर येतात, 'आहे'चं 'शे' करतात. "हाई पार्टी मोठी शे. धुळ्याचे चार लोक येतील, चार लोक बघतील. तुझ्या पेजमुळे हे लग्न आलं, तर तू मागे बस. खुर्च्यांमध्ये बस, मी एक शब्द बोलणार नाही. नाही आलं, तर सोमवारपासून समोर. साडी नेसून."

साडीचं त्यांनी उगाच जोडलं होतं. पण मी हो म्हटलं.

पहिलं काम, जुने सगळे फोटो पेजवरून लपवणं. पुसले नाहीत, फक्त नजरेआड केले. हवे तेव्हा परत आणता येतात. ढगांतले आबा, गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, पप्पांनी चुकून टाकलेला स्वतःच्या अंगठ्याचा फोटो, सगळं. पेज एकदम रिकामं झालं. मला इतकं बरं वाटलं, की तसंच सोडून द्यावं असंही क्षणभर मनात आलं.

पेज उघडल्यावर माणसाला एका ओळीत तीन असे छोटे फोटो दिसतात. खाली सरकवायच्या आधी साधारण नऊ. लोक एकेक फोटो बघत नाहीत, नऊ मिळून एकच चित्र बघतात, आणि दोन सेकंदांत ठरवतात की ही जागा आपली आहे का. म्हणून चांगले नऊ फोटो काढून भागत नाही. एकमेकांशेजारी नांदणारे नऊ लागतात. हे मी घरात समजावून सांगितलं तेव्हा मोठी आई म्हणाली, "म्हणजे जावा निवडायच्या."

आमच्याकडे लग्नं करणाऱ्या फोटोग्राफरने एक हार्ड डिस्क भरून फोटो दिले. ज्यांची हरकत नव्हती अशाच घरांतल्या लग्नांचे होते. तरी मी शक्यतो चेहरे टाळले. दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावायला मला संकोच वाटतो.

फोटो मी मोठे करून बघितलेच नाहीत. नखाएवढे करून, डोळे बारीक करून बघितले. तसं बघितलं की कोण कसं दिसतंय ते कळत नाही, फक्त रंग आणि गर्दी कळते. पहिली कत्तल जांभळ्याची झाली. स्टेजवर डीजेवाल्याचे जांभळे दिवे लागले, की नवरा, नवरी, भटजी आणि केळी एकाच रंगाची होतात. असा फोटो दुरुस्त होत नाही. ज्या उजेडात दुसरा रंगच नाही, त्यातून तो बाहेर कुठून काढणार? निम्मी डिस्क तिथेच संपली. खानदेशातल्या सुखाचा रंग जांभळा आहे, हे मला तेव्हा कळलं.

उरलेल्यांतून रंगांचं एक कुटुंब ठरवलं. गवताचा शांत हिरवा, मंडपाच्या कापडाचा मलईसारखा पांढरा, आणि मध्येच कुठेतरी हळदीचा किंवा झेंडूचा पिवळा. पिवळा थोडाच, भाजीत मीठ असतं तेवढा. मग प्रकार. लांबून घेतलेले एक-दोन, मधल्या अंतराचे काही, अगदी जवळचे काही: अक्षता धरलेला हात, पत्रावळीची कड. गर्दीच्या फोटोशेजारी मोकळा फोटो हवा. एकसारखे दोन शेजारी नकोत, कारण मग दोघांचीही किंमत उतरते. रंग एक आणि विषय वेगळे, असं जमलं पाहिजे. फक्त रंग जुळवले तर भिंतीच्या शेडकार्डासारखं दिसतं, फक्त विषय वेगळे घेतले तर आठवडी बाजारासारखं.

एकच फिल्टर सगळ्यांवर टाकून चालत नाही. दुपारच्या फोटोवर चांगला वाटणारा फिल्टर संध्याकाळच्या नवरीला गाजर करून टाकतो. म्हणून एक फोटो नमुना धरला आणि बाकीचे एकेक करून त्याच्याशेजारी ठेवून जुळवले. आमचं गवत खतं घालून इतकं हिरवं केलेलं आहे, की फोटोत ते प्लास्टिकच्या चटईसारखं दिसतं. त्याचा हिरवा मी कमी केला आणि थोडा पिवळ्याकडे नेला. गवत शांत झालं. त्याचबरोबर हॉलची भिंत, जी आबांनी हौसेने पिस्ता रंगवून घेतली होती, तीही शांत झाली. इतकी शांत, की मलईची झाली. मला ती तशी आवडली. मी पुढे गेले.

शुक्रवारी संध्याकाळी घरच्यांना नऊ फोटो दाखवले. स्वयंपाकाच्या शेडबाहेर खुर्च्या टाकून सगळे बसले. माझा फोन हातोहात फिरला.

आबांनी फोन जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. मग म्हणाले, "लग्न कोणाकडे शे?"

"म्हणजे?"

"हाई काय कोणी वारलं शे का? बठ्ठं पांढरं, सगळंच."

"पेस्टल आहे, आबा. सध्या असंच चालतं."

"अन् गेट कुठे? लोक गेटवरून आत येतील, का हात दिसला म्हणून?" त्यांनी अक्षतांच्या हातावर बोट ठेवलं. "कोणाचा शे हा हात? त्याला तरी माहीत शे का?"

पप्पांचा मुद्दा वेगळा होता. "जनरेटर नाही दिसत कुठे. साउंडप्रूफ आहे. जिल्ह्यात असे किती जणांकडे आहेत?"

"पप्पा, नवरीला जनरेटर बघून काय..."

"लाइट गेल्यावर कळेल तिला."

मोठी आई फोन परत देताना फक्त एवढंच म्हणाली, "भरीत नाही म्हणजे जेवण नाही असंच लोक समजतील." तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे वाद घालता येईना.

मी शिकलेलं सगळं त्यांना सांगितलं. टोन, मोकळी जागा, एकसंधपणा. मराठीत सांगताना ते सगळं उपवासाच्या नियमांसारखं ऐकू येत होतं. शेवटी तीन फोटो काढून त्यांचे तीन घातले: गेटसमोर आबा, जनरेटर, भरिताचं पातेलं. आबांनी एक अट घातली. त्यांचा फोटो पहिला. आणि टाकायचा शनिवारी सकाळी, मुहूर्त चांगला होता. "पहिला मान घरच्या मोठ्याचा. पत्रिकेत बघ, पहिलं नाव कोणाचं असतं?"

"आबा, पेजवर उलटं असतं. जो पहिला टाकला तो..."

"पोरी, पहिला म्हणजे पहिला."

पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून आमच्या भाऊबंदकीत दोन घरं एकमेकांकडे जात नाहीत. अशा घरातल्या मोठ्या माणसाला उलट सांगणं माझ्या हातातलं नव्हतं. शनिवारी मुहूर्तावर मोठ्या आईने फोनला हळदीकुंकू लावलं आणि मी आबांना पहिलं टाकलं. मग एकेक करून बाकीचे आठ.

दुपारी जेवणानंतर आबांनी पेज उघडलं आणि त्यांचा आवाज मागच्या खोलीपर्यंत आला.

"मी खाले? अन् जनरेटर वर?"

पेजवर नवा फोटो सगळ्यात वर डावीकडे येतो आणि आधीच्यांना एकेक घर मागे ढकलतो. आबा सकाळी एकटेच वर होते. मग एकेक येत गेला आणि ते सरकत सरकत शेवटच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात गेले. पप्पांचा जनरेटर शेवटी टाकला होता, म्हणून तो डोक्यावर.

"मी नाही सांगितलं तिला असं कर म्हणून," पप्पा म्हणाले. हे वाक्य ते उगाच बोलले, कारण तोवर कोणी तसं म्हटलंच नव्हतं. आता आबांना तसं वाटायला लागलं.

दोघे भाऊ एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलू लागले. "तुझ्या बापाला विचार, जमीन कोणी विकू दिली नव्हती." "तुझ्या आबांना सांग, लाइट बिल कोण भरतं." मी मधे फोन धरून उभी होते. ज्या कामात कोणाशी बोलावं लागत नाही म्हणून मी ते मागून घेतलं होतं, त्यात मी आता निरोप्या झाले होते.

मी म्हटलं, "पिन करता येतं. तीन फोटो वर खिळवून ठेवता येतात. मग नवे कितीही आले तरी ते हलत नाहीत."

"तीन का?" आबा म्हणाले.

"तीनच ठेवता येतात."

आबा, पप्पा, मोठी आई. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटतं, आमच्या घरात इतकं चटकन कुठलंच वाटप झालेलं नाही.

पण पिन करून बघितलं आणि पेजचा चुराडा झाला. तीन फोटो आपापल्या जागेवरून निघून वर गेले, त्यांच्या जागा मागच्यांनी भरल्या, आणि मी जुळवलेले शेजार मोडले. मोकळ्याशेजारी मोकळा, गर्दीशेजारी गर्दी. वरच्या ओळीत तर रंगही तीन घरचे: आबांच्या मागे लाल-निळं लखलखतं गेट, लोखंडी करडा जनरेटर, आणि शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली तपकिरी पडलेलं भरीत. शिवाय पिनमध्येही तीच तऱ्हा. जो शेवटी पिन केला तो डावीकडे पहिला. जनरेटर परत पुढे होता.

आबा पुन्हा पेटायच्या आत मी भीत भीत सांगितलं, की तुम्हाला पहिलं यायचं असेल तर तुम्हाला सगळ्यात शेवटी लावावं लागेल.

आबा थांबले. त्यांनी डोळे मिटून विचार केला. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अरे! पुढाऱ्यासारखं! तो नही का, लग्नाले सगळ्यात शेवटी येतो अन् पहिल्या सोफ्यावर बसतो?"

"हो. तसंच."

"मग असं सरळ सांग ना. मघापासून उलटं-सुलटं काय लावलंय? माले शेवटी लाव."

ही एक गोष्ट मला कोर्सच्या सगळ्या वर्षांत कोणी इतकी सोपी करून सांगितली नव्हती.

तिघांना काढणं शक्य नव्हतं, म्हणून तिघांनाच कुटुंबात घेणं भाग होतं. टाकलेला फोटो पेजवर बदलता येत नाही, नवा टाकावा लागतो. मी सगळे नऊ पेजवरून काढून टाकले. मग डिस्कमध्ये पुन्हा शोधायला बसले, या वेळी रंग हातात धरून. जनरेटरचा खंडेनवमीचा फोटो सापडला. पूजा केलेला, झेंडूच्या माळा, वर हळदीची बोटं, आणि मागे पांढरं कापड. लोखंड जवळजवळ दिसतच नव्हतं. माझा पिवळा तोच होता. भरीत मोठ्या आईकडून नव्याने करून घेतलं. हिरव्या-पांढऱ्या भरताच्या वांग्यांचं, हिरव्या मिरचीचं, लाकडी बडगीत ठेचतानाचं. शेडबाहेर सावलीत, बल्ब बंद करून. भरीत मुळात फिकट हिरवंच असतं, त्याला आम्ही उगाच पिवळ्या बल्बखाली बदनाम केलं होतं. मोठ्या आईने ठेचताना तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं आणि मी हात तेवढे घेतले.

"माझं तोंड आलं का?" तिने विचारलं.

"हात आलेत."

"बांगड्या?"

"आल्यात."

"मग चालंल."

आबांना मी गेटपासून दूर, हॉलच्या भिंतीजवळ, उन्हं उतरताना उभं केलं. पांढरे कपडे, मागे मोकळी भिंत. हात जोडू नका असं सांगितलं तेव्हा त्यांना हातांचं काय करावं कळेना. शेवटी त्यांनी एक हात भिंतीवर टेकवला, जसं गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर टेकवावा. तो फोटो चांगला आला. तो चांगला आला याचा मला थोडा रागच आला. आदल्या दिवशीच्या माझ्या नऊ हातांत आणि कापडांत, ही जागा कोणाची आहे हे कुठेच नव्हतं.

फक्त भिंत मात्र याही फोटोत मलईची झाली. झाली म्हणजे, मीच केली.

उरलेले सहा खालच्या दोन ओळींत बसतील अशा क्रमाने, उजव्या कोपऱ्यापासून उलटे टाकत गेले. मग भरीत पिन केलं, मग जनरेटर, आणि शेवटी पुढाऱ्यासारखे आबा.

रविवारी संध्याकाळी पेजवर मेसेज आला. मुलीने इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, पण अर्थ असा: तुमच्या पेजचा टोन माझ्या साडीशी आणि निमंत्रणाशी तंतोतंत जुळतो, मी अशीच जागा शोधत होते, गुरुवारी बघायला येते. खाली एक प्रश्न होता: ती झेंडूच्या माळा घातलेली मूर्ती कुठल्या देवाची आहे?

मी पप्पांना वाचून दाखवलं. पप्पा म्हणाले, "सांग, जागृत देवस्थान आहे. लाइट गेली की पावतं."

गुरुवारी ती आली. सोबत प्राध्यापक आणि तो पसंत पडलेला तिसरा नवरा. मी मागच्या खोलीत होते, पण खिडकी उघडी होती. ती हिरवळीवर मधोमध उभी राहिली. भिंतीकडे बघितलं. फोनकडे बघितलं. पुन्हा भिंतीकडे.

"ही तीच भिंत आहे का?"

"तीच," आबा म्हणाले. "ऊन वेगळं होतं त्या दिवशी."

"पण ही हिरवी आहे."

"पिस्ता," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते वेगळं होतं.

नवरा म्हणाला, "मला तर सारखीच वाटते." तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने मग पार्किंगकडे बघितलं.

आबांनी खिडकीकडे मान वळवली. बुकिंग त्यांच्या हातातून निसटत चाललं होतं, हे मला तिथूनही दिसत होतं. मी बाहेर गेले. पायांत चपला घालायच्याही राहिल्या.

"फोटोत हिरवा रंग कमी केलाय," मी तिला सांगितलं. "गवतासाठी केला होता. भिंतही त्यातच आली. खरी भिंत अशीच आहे."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे पेज तू केलंस?" ती म्हणाली.

"हो."

तिने पुन्हा फोन बघितला. "मग भिंतीचाही कर ना कमी."

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती खरंच विचारत होती. आणि आबा, ज्यांनी तो पिस्ता रंग तीन दुकानं फिरून आणला होता, एका क्षणात म्हणाले, "करून देतो. पेजवर दिसतं तसं बठ्ठं करून देतो. पावती करू ना?"

पावती झाली. आबा शब्दाला पक्के. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, "तू जिंकली. बस मागे, कोणी तुला काही विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला आणि त्याने विचारलं, "ताई, कोणता क्रीम?"

क्रीम एक नसतो. आबांच्या फोनवर तो पिवळा दिसायचा, माझ्या फोनवर पांढरा, पप्पांच्या फुटलेल्या स्क्रीनवर दोन्ही. जळगावच्या रंगाच्या दुकानात मी शेडकार्ड पसरून उभी राहिले, आणि दुकानदार म्हणाला, फोनवरून रंग ठरवायला आलेली तुम्ही पहिली नाही, पण स्वतःच्याच भिंतीचा फोटो बघून तीच भिंत रंगवणारी पहिली. तीन शेड आणल्या. भिंतीवर तीन पट्टे मारले आणि सकाळी, दुपारी, हॅलोजन लावून असे बघितले. सकाळी आवडलेला हॅलोजनखाली गेरू झाला. मधला ठरला. मग मंडपवाला कापड घेऊन आला: कोणता पांढरा? खुर्च्यांच्या कव्हरांवरचे सोनेरी बो ठेवायचे का? फुलवाल्याने धुळ्याहून फोन केला, पिवळा म्हणजे लिंबू की झेंडू? आबा प्रत्येकाला एकच सांगायचे: "माले नका विचारू. पोरीले विचारा. पेज तिचं शे." मागच्या खोलीत मला भेटायला येणाऱ्यांसाठी खुर्च्या काढाव्या लागल्या. खुर्च्या तिथे होत्याच.

लग्नाच्या संध्याकाळी सगळं पेजसारखं होतं. मलईची भिंत, मलईचं कापड, जेवढ्यास तेवढा झेंडू. नवरी स्टेजवर चढली, आणि डीजेवाल्याने सवयीने जांभळे दिवे लावले.

भिंत जांभळी झाली. नवरी जांभळी झाली. तिने दुरून, पाहुण्यांच्या डोक्यांवरून, मला शोधून काढलं.

मी ओळींमधून निघाले. लोक गुडघे बाजूला करत होते, "कोणाची शे ही?" असं एकमेकांना विचारत होते. डीजेवाल्यापर्यंत पोचल्यावर मी म्हटलं, "भाऊ, हे बंद करा."

"ताई, मग अंधार पडंल."

"पांढरे लावा. नेहमीचे."

"पांढऱ्यात लग्न दिसत नाही, ताई. ऑपरेशन दिसतं."

"मग जरा उबदार. पण पिवळे नकोत."

"उबदार पण पिवळे नकोत," त्याने शेजारच्या माणसाला सांगितलं, चेहरा अगदी गंभीर ठेवून. पण बटणं फिरवत राहिला, आणि मी हो, नाही, थोडं अजून, असं करत तिथेच उभी राहिले. भिंत पुन्हा जागेवर आली. मागे वळले तर पहिल्या सोफ्यावर आबा बसले होते आणि शेजारच्या पाहुण्याला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. मी लगेच खाली मान घातली. पण मग लक्षात आलं, की परत जायला तोच एक रस्ता आहे, सगळ्यांच्या समोरून.

पंधरवड्याने नवरीने तिच्या स्वतःच्या पेजवर लग्नाचे फोटो टाकले. नऊ. टोन एकच, प्रकार वेगळे, कुठेही गर्दीशेजारी गर्दी नाही. मला तिची निवड बघून जरा हेवा वाटला. आबा माझ्या खोलीत आले, दोन खुर्च्या ओलांडून माझ्या शेजारी बसले आणि फोन हातात घेतला.

एकाही फोटोत आमची जागा दिसत नव्हती. मेंदीचा हात होता, पदराची जरी होती, नथ होती, नवऱ्याचा अर्धा कान होता. सगळे अगदी जवळून घेतलेले, आणि मागचं सगळं धूसर. स्टेज नाही, हॉल नाही, गेट तर नाहीच. आमच्या लॉन्सचं नावही तिने कुठे टाकलेलं नव्हतं.

आबांनी नथीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग आणखी मोठा. नथ बाहेर गेली, गाल बाहेर गेला, आणि पडदाभर फक्त धूसर मलई राहिली.

"हाऊ बघ," ते म्हणाले. "हाऊ आपलाच रंग शे."

आणि त्यांनी तो तसाच, नथ-गाल सगळं बाहेर ठेवून, मला पेजवर टाकायला सांगितला.